डिपॉझिटचा हिशोब: कोथरूडचा फ्लॅट

नमस्कार रोहित, स्नेहल,

रविवारी किल्ल्या दिल्यात, त्यानंतर मी सुतार आणि प्लंबरला घेऊन फ्लॅट नीट पाहिला. डिपॉझिट ७५,००० रुपये होतं. त्यातून काय कापतोय आणि का, ते सविस्तर लिहितो.

आधी जे कापत नाही ते. तुम्ही ३३ महिने राहिलात. एवढ्या काळात रंग उतरणारच, रंगकाम मलाच करायचं होतं. बाथरूमच्या दाराचा खालचा भाग पाण्याने फुगलाय, नळांवर क्षार बसलेत, गीझरची कॉइल गेलीय. बोअरच्या पाण्याने हे सगळ्यांच्याच घरी होतं. करारातल्या 'नैसर्गिक झीज' या शब्दांत हे सगळं येतं, त्याचा एक रुपयाही तुमच्याकडून घेणार नाही.

आता ओटा. खलबत्ता पडून ग्रॅनाइटला गॅसजवळ आरपार तडा गेलाय. स्नेहलने तेव्हाच फोन करून सांगितलं होतं, हे मी विसरलेलो नाही. पण फटीतून पाणी खालच्या ट्रॉलीत झिरपतंय, त्यामुळे नुसतं भरून चालणार नाही असं मिस्त्री म्हणाला. पूर्ण ओटा न बदलता तेवढाच तुकडा बदलतोय, मजुरीसकट ६,८०० रुपये.

हॉलमध्ये टीव्हीचा स्टँड काढताना प्लॅस्टर निघून विटा दिसायला लागल्यात. फोटो, कॅलेंडरच्या खिळ्यांचं मी काहीच धरलेलं नाही, फक्त या एका भिंतीचं प्लॅस्टर आणि पुट्टी धरली आहे: ३,२०० रुपये. बेडरूमच्या खिडकीची मच्छरजाळी मांजराने फाडलीय, तिचे १,४००.

बेसिन फुटलंय. नवीन बेसिन आणि प्लंबर मिळून ४,००० होतात. पण बेसिन आठ वर्षांचं जुनं होतं, तुमच्याकडून नव्याची पूर्ण किंमत घेणं मला पटत नाही. निम्मे, म्हणजे २,००० धरलेत.

नुकसानीचे एकूण १३,४०० झाले. शेवटचं लाइट बिल १,८६० रुपये आलंय, ते वेगळं. म्हणजे १५,२६० वजा जाता तुम्हाला ५९,७४० रुपये परत येतील.

मिस्त्री आणि प्लंबरची कोटेशनं, आत्ताचे फोटो आणि तुम्ही राहायला आलात त्या दिवशी आपण मिळून काढलेले फोटो खाली पाठवतोय. शेजारी शेजारी ठेवून पाहा. एखादी रक्कम जास्त वाटली तर शनिवारपर्यंत सांगा. तुमच्या ओळखीचा कारागीर तेच काम कमी पैशांत नीट करून देणार असेल तर मी त्याच्याकडून करून घेईन आणि उरलेले पैसे तुम्हाला देईन.

ओट्याचं काम सोमवारी सुरू होईल. त्याच दिवशी पैसे रोहितच्या खात्यात जमा करतो. खातं पूर्वीचंच आहे ना, तेवढं कळवा.

भाडं तुम्ही एकदाही थकवलं नाहीत. नव्या घरमालकाला माझा नंबर द्या, मी तेच सांगेन.

– देशपांडे काका