रिकामं घर म्हणजे ‘नाही’ नव्हे: तर्कजाळीची कोडी पहिल्यांदा सोडवताना

अमळनेरच्या आमच्या अभ्यासिकेत दर रविवारी सकाळी तासभर कोडी असतात. येणारी बहुतेक पोरं स्पर्धा परीक्षांची. बैठक व्यवस्था, कोण कुठल्या गावचा, कोणी काय आणलं, असले प्रश्न आले की पहिल्या दिवशी सगळे डोक्यातच सोडवायला जातात आणि तिसऱ्या सूचनेला गुंततात. “सर, माले समजनंच नई,” असं मागच्या बाकावरून आलं की मी फळ्यावर जाळी काढायला घेतो. तीच पद्धत इथे लिहून देतोय. वही, पेन आणि पेन्सिल तिन्ही घेऊन बसा. पेन्सिल कशाला, ते पुढे कळेल.

कोडं घरचंच आहे. कल्पना, सुनंदा, वैशाली आणि मंगला या चार मैत्रिणी. रावेर, अमळनेर, शिरपूर आणि नंदुरबार ही त्यांची गावं, एकीचं एक. चौघी एका लग्नघरी जमल्या आणि प्रत्येकीनं एकेक पदार्थ आणला: भरीत, शेवभाजी, वरण-बट्टी, मांडे. कोण कुठली आणि कोणी काय आणलं?

१. भरीत आणणारी शिरपूरची आहे.
२. सुनंदा शिरपूरचीही नाही आणि नंदुरबारचीही नाही.
३. शेवभाजी वैशालीनं आणली. ती रावेरची नाही.
४. मंगला, वरण-बट्टी आणणारी आणि रावेरची या तिघी वेगवेगळ्या आहेत.
५. वरण-बट्टी आणणारी अमळनेरची नाही.

आता जाळी. डावीकडे वरून खाली चार नावं लिहा, त्यांच्याखाली चार पदार्थ. वरच्या बाजूला डावीकडून उजवीकडे चार गावं आणि त्यांच्यापुढे पुन्हा चार पदार्थ. अशा तीन चौकटी होतात: नाव-गाव, नाव-पदार्थ आणि खाली पदार्थ-गाव. उजवीकडचा खालचा कोपरा मोकळा राहतो, कारण पदार्थाशी पदार्थ जुळवायचा नसतो. प्रत्येक चौकटीत १६ घरं, म्हणजे एकूण ४८. कोडं सुटेल तेव्हा १२ घरांत टिक असेल आणि ३६ घरांत फुली. घाईत पोरं पदार्थ-गाव ही तिसरी चौकट काढतच नाहीत. या कोड्याची किल्ली नेमकी तिथेच आहे.

खुणा दोनच. ‘नक्की आहे’ म्हणजे टिक, ‘नक्की नाही’ म्हणजे फुली. उरलेलं घर रिकामं. रिकाम्या घराचा अर्थ एवढाच की अजून माहीत नाही. हे मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहितो, तरी दर बॅचला कोणीतरी रिकाम्या घराला ‘नाही’ समजून पुढे जातोच.

आणखी एक सवय लावा, सुरुवातीला कंटाळवाणी वाटली तरी. प्रत्येक खुणेच्या शेजारी ती ज्या सूचनेवरून आली तिचा आकडा बारीक लिहा. खूण दोन सूचना जोडून निघाली असेल तर दोन्ही आकडे.

पहिली सूचना घ्या. पदार्थ-गाव चौकटीत भरीत-शिरपूर या घरात टिक. टिक पडली की त्याच चौकटीत तिच्या आडव्या ओळीतली आणि उभ्या रकान्यातली बाकीची घरं लगेच फुलीनं भरायची. इथे ओळीत तीन, रकान्यात तीन, अशा सहा फुल्या आल्या. एका टिकेमागे सहा फुल्या मिळतात, म्हणून टिकेची किंमत मोठी. चुकीची टिक पडली तर चूकही तशीच पुढे पसरते.

याच सूचनेवर एकदा यावल तालुक्यातला एक पोरगा हटून बसला. “सर, भरीत शिरपूरचं कसं काय? भरताची वांगी बामणोदची!” वांग्यांबद्दल त्याचं म्हणणं खरं होतं आणि भूकही खरी असावी. पण कोड्यात आपलं ज्ञान चालत नाही. नंदुरबार मिरचीसाठी प्रसिद्ध म्हणून झणझणीत शेवभाजी तिथलीच असणार, असा विचार मनात आला की पेन खाली ठेवा. कागदावर लिहिलंय तेवढंच खरं.

दुसरी सूचना सोपी. सुनंदाच्या ओळीत शिरपूर आणि नंदुरबार या घरांत फुली. पण इथे थांबू नका. भरीतवाली शिरपूरची आहे आणि सुनंदा शिरपूरची नाही, म्हणजे सुनंदानं भरीत आणलेलं नाही. नाव-पदार्थ चौकटीत तिथेही फुली, शेजारी १ आणि २. याला आम्ही ‘नक्कल करणं’ म्हणतो. दोन गोष्टी टिकेनं जोडल्या गेल्या की त्या एकाच बाईच्या झाल्या, मग एकीला जे लागू नाही ते दुसरीलाही लागू नाही. नवशिक्यांचं अर्धं काम इथेच अडतं. टिक मारून सहा फुल्या भरतात आणि नक्कल विसरतात.

तिसरी सूचना. वैशाली-शेवभाजी टिक, सहा फुल्या. वैशाली-रावेर फुली. आता नक्कल: शेवभाजी वैशालीची आणि वैशाली रावेरची नाही, म्हणून पदार्थ-गाव चौकटीत शेवभाजी-रावेर फुली. उलट बाजूनंही बघा. शेवभाजीला शिरपूर आधीच नाही, म्हणून वैशालीलाही शिरपूर नाही. वैशालीपुढे दोनच गावं उरली, अमळनेर आणि नंदुरबार.

चौथी सूचना सगळ्यांना फसवते. ‘तिघी वेगवेगळ्या’ हे वाक्य वाचायला मोघम वाटतं, पण त्यात तीन फुल्या आहेत आणि तिन्ही वेगळ्या चौकटींत: मंगला-वरण-बट्टी, मंगला-रावेर आणि वरण-बट्टी-रावेर. पहिल्या दोन सगळे मारतात. तिसरी, जिच्यात मंगलाचं नावच नाही, ती सुटते. पदार्थ-गाव चौकट आता अशी दिसते:

| | रावेर | अमळनेर | शिरपूर | नंदुरबार |
|---|---|---|---|---|
| भरीत | ✗१ | ✗१ | ✓१ | ✗१ |
| शेवभाजी | ✗३ | | ✗१ | |
| वरण-बट्टी | ✗४ | | ✗१ | |
| मांडे | | | ✗१ | |

रावेरच्या रकान्यात वरून खाली बोट फिरवा. तीन फुल्या आणि एक घर रिकामं. चार पदार्थांपैकी एक तर रावेरचा असणारच, म्हणजे मांडे रावेरचे. मांडे रावेरचे आहेत असं कुठल्याच सूचनेत लिहिलेलं नव्हतं. जाळीचा खरा उपयोग हाच. टिक मारा, मांड्यांच्या ओळीतल्या उरलेल्या दोन घरांत फुल्या भरा.

लगेच नक्कल. मंगला रावेरची नाही, म्हणजे मांडे तिचे नाहीत. वरण-बट्टी तिची नाही (सूचना ४), शेवभाजी वैशालीची. मंगलाच्या ओळीत फक्त भरीत उरलं. टिक. भरीत शिरपूरचं, म्हणून मंगला शिरपूरची. तीही टिक, आणि शिरपूरच्या रकान्यात उरलेल्या कल्पनालाही फुली.

आता पाचवीकडे जाण्याआधी पेन्सिलीची गोष्ट. गेल्या उन्हाळ्यात एका हुशार पोरानं इथे वैशालीपुढे नंदुरबारला पेनानं टिक मारली. का, तर “दोनच राहिलेत सर, एक तर घ्यावंच लागेल.” मग पुढे सरसर भरत गेला. शेवभाजी नंदुरबारची झाली, वरण-बट्टीला अमळनेरशिवाय जागा उरली नाही, आणि पाचव्या सूचनेनं त्याला अडवलं. वरण-बट्टी तर अमळनेरची नाही! कुठे चुकलं ते सापडेना, सगळी जाळी खोडली, वेळ गेला. शेजारी आकडे लिहिले असते तर ती बिनआकड्याची टिक एका नजरेत दिसली असती. जिच्याजवळ आकडा लिहिता येत नाही ती खूण अंदाजाची, आणि अंदाजाची जागा पेन्सिलीत.

अंदाज वाईट नसतो, पेनातला अंदाज वाईट. खरंच अडलात तर जाळीची दुसरी प्रत पेन्सिलीनं काढा, एक शक्यता धरून चालत राहा. ती कुठल्या सूचनेशी भांडली तर ती शक्यता नक्की खोटी ठरली आणि मूळ जाळीत तिथे पेनानं फुली मारायचा हक्क मिळाला. त्या पोरानं हेच पेन्सिलीत केलं असतं तर ‘वैशाली नंदुरबारची नाही’ हे त्यानं सिद्धच केलं होतं की! पण भांडण झालं नाही म्हणून ती शक्यता खरी ठरत नाही, हेही लक्षात ठेवा.

पाचवी सूचना सरळ मारली तर अंदाजाची गरजच पडत नाही. वरण-बट्टीच्या ओळीत अमळनेरला फुली, उरलं नंदुरबार. मग शेवभाजी अमळनेरची, म्हणून वैशाली अमळनेरची. सुनंदाला रावेर आणि अमळनेर ही दोनच गावं होती, अमळनेर गेलं, म्हणून ती रावेरची आणि मांडे तिचे. कल्पनाला नंदुरबार आणि वरण-बट्टी. झालं म्हणून वही मिटू नका. पाचही सूचना उत्तरासमोर ठेवून पुन्हा वाचा. या वाचनाला अर्धा मिनिट लागतं, आणि परीक्षेत याच अर्ध्या मिनिटाची पोरं बचत करायला जातात.

क्रमाची कोडी आली तरी जाळी तीच, फक्त सूचना कापून घ्यायची. समजा सोमवार ते गुरुवार रोज एक ट्रक सुटतो आणि केळीचा ट्रक दादर ज्वारीच्या ट्रकाच्या बरोबर दोन दिवस आधी गेला. नुसत्या या वाक्यावरून केळीला बुधवार-गुरुवार नाही आणि दादरला सोमवार-मंगळवार नाही. चार फुल्या आल्या. मात्र नुसतं ‘आधी’ म्हटलं असेल तर दोनच: केळीला गुरुवार नाही, दादरला सोमवार नाही.

मोबाईलवर फिरणारं ‘आइनस्टाइनचं कोडं’ही याच जातीचं. पाच घरं, पाच देशांची माणसं, झेब्रा कोणाचा? ते १९६२ साली लाइफ इंटरनॅशनल मासिकात छापलं गेलं होतं. आइनस्टाइननं ते रचल्याचा पुरावा मात्र कुठेच नाही. त्याची पूर्ण जाळी काढायची तर २५ घरांच्या १५ चौकटी लागतात, म्हणजे ३७५ घरं. पहिल्या महिन्यात त्याच्या वाटेला जाऊ नका.

त्याऐवजी पुढच्या रविवारसाठी हे करून आणा. वरच्या कोड्यातली पाचवी सूचना झाका आणि कोरी जाळी पुन्हा भरा. मंगला आणि मांडे तरीही नक्की होतील, बाकीचं लटकेल. चारही सूचनांना चालणारी तीन वेगवेगळी उत्तरं निघतात. तिन्ही पेन्सिलीत मांडा, आणि कुठली घरं तिन्हींत सारखी राहतात तेवढीच पेनानं गिरवा.