विषय क्रमांक ७ : सोसायटीच्या वेबसाइटसाठी वार्षिक तरतूद

अध्यक्ष महोदय आणि सभासद बंधू-भगिनींनो,

चहा आलेला दिसतोय, त्यामुळे मी थोडक्यात आटोपतो. विषय क्रमांक सात, वेबसाइटसाठी वर्षाला १६,८०० रुपये. अजेंडा वाचून बी विंगमधल्या एका काकांनी मला लिफ्टमध्येच गाठलं आणि म्हणाले, "खजिनदारसाहेब, वेबसाइट एकदा केली होती ना? मग परत पैसे कसले?" प्रश्न अगदी बरोबर आहे.

हो, केली होती. फुकट झाली होती, आणि तिथेच घोळ झाला. एका सभासदाच्या मुलाने हौसेने बनवून दिली, चांगली बनवली. पण डॉट कॉमचं नाव त्याच्या स्वतःच्या ईमेलवर घेतलेलं होतं. तो नोकरीसाठी बाहेर गेला, तो ईमेल बघणं बंद झालं, आणि नूतनीकरणाची पत्रं तिथेच पडून राहिली. त्याला दोष देत नाही. दोष आपला, कारण ते काम कुणाचंच नव्हतं. अशा नावाची मुदत संपली की काही दिवस सवलत मिळते, मग तीस दिवस जादा पैसे भरून ते सोडवता येतं, आणि त्यानंतर पाच दिवसांनी ते जगात कुणालाही घेता येतं. आपलं तसंच गेलं. आज तो पत्ता उघडलात तर जुगाराची जाहिरात दिसते, आणि आपल्या जुन्या पावत्यांवर अजून तोच पत्ता छापलेला आहे.

म्हणून सांगतो, वेबसाइट म्हणजे पाण्याची टाकी नव्हे, एकदा बांधली की झालं असं. ती लिफ्टसारखी आहे. लिफ्ट बसवली म्हणून आपण एएमसी बंद करत नाही.

हिशोब असा आहे. नावाचं भाडं ९०० रुपये. सर्व्हरची जागा, रोजच्या बॅकअपसह, ५,४००. आणि १०,५०० देखभालीचे, म्हणजे नोटीस चढवणं, सॉफ्टवेअर अद्ययावत ठेवणं, काही बंद पडलं तर दुरुस्त करणं. काही ब्राउझरमध्ये पत्त्याआधी कुलूप दिसतं ना, त्याचं प्रमाणपत्र मोफत मिळतं, कुणी त्याचे वेगळे पैसे मागितले तर मी देणार नाही. आपले ८४ फ्लॅट. फ्लॅटमागे वर्षाला २०० रुपये, महिन्याला सतराही नाहीत.

"व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे की!" आहे. मागच्या महिन्यात टाकी धुण्याची नोटीस सकाळी टाकली. दुपारपर्यंत ती सुप्रभात, वाढदिवस आणि पार्किंगच्या भांडणाखाली गाडली गेली. सी विंगच्या आजी स्मार्टफोन वापरत नाहीत, पण त्यांची लेक परगावाहून नोटीस बघू शकते, आणि ती काही आपल्या ग्रुपमध्ये नाही. फ्लॅट विकणाऱ्याला उपविधींची प्रत हवी असते, भाडेकरू ठेवताना अर्ज हवा असतो, आणि दरवेळी सचिवांच्या घरची बेल वाजते. जेवताना वाजते, असं वहिनींचं म्हणणं आहे.

काय होणार नाही, तेही सांगतो. थकबाकीदारांची नावं, फोन नंबर, कुणाचीही कागदपत्रं उघड्यावर जाणार नाहीत. इतिवृत्त आणि हिशोब लॉगिन करूनच दिसतील. २०२३ चा वैयक्तिक माहितीचा कायदा आहेच, पण तो नसता तरी शेजाऱ्याची थकबाकी जगाला दाखवणं मला पटलं नसतं. मेंटेनन्स ऑनलाइन भरण्याची सोय या रकमेत नाही. आज तरी बँकेत थेट पाठवता येतं, तेवढं पुरे. आणि वार्षिक सभेची नोटीस कागदावर, चौदा पूर्ण दिवस आधी, पूर्वीसारखीच मिळेल. वेबसाइट तिच्या जोडीला आहे, तिच्या जागी नाही.

मागची चूक पुन्हा होऊ नये म्हणून एक अट मी स्वतःच ठरावात घातली आहे. नाव आणि सर्व्हर सोसायटीच्या नावावर, सोसायटीच्या ईमेलवर. पासवर्ड बंद पाकिटात, ऑफिसच्या कपाटात, शेअर रजिस्टरच्या शेजारी. समिती बदलली की पाकीट नव्या समितीच्या हातात, सही घेऊन. आणि पुढच्या वार्षिक सभेत किती खर्च झाला ते मी मांडीन. उरले तर उरले म्हणून सांगेन.

ठराव वाचतो. "सन २०२६-२७ पासून संस्थेच्या वेबसाइटसाठी दरवर्षी जास्तीत जास्त १६,८०० रुपये खर्च करण्यास ही सभा मंजुरी देत आहे, नाव व सर्व्हर संस्थेच्या नावे राहतील आणि खर्चाचा तपशील प्रत्येक वार्षिक सभेपुढे ठेवला जाईल."

काका, हात वर दिसतोय. प्रश्न आहे की सूचक म्हणून तुमचं नाव लिहू?