बाहेरच्या बिंदूतून वर्तुळाला स्पर्शिका : रचना आणि प्रत्येक पायरीचे कारण

(दहावीच्या वर्गासाठी. हा कागद भूमितीच्या वहीत चिकटवून ठेवा.)

मुलांनो, काल तुमच्या 38 वह्या तपासल्या. आकृत्या सुरेख आहेत, पेन्सिलीला टोक आहे, कंस पुसलेले नाहीत. पण "ही रेषा स्पर्शिकाच आहे कशावरून?" या प्रश्नाखाली बहुतेकांनी लिहिले आहे : "कारण PA ही स्पर्शिका आहे, म्हणून ∠OAP = 90°, म्हणून PA ही स्पर्शिका आहे." पुन्हा वाचा. जे सिद्ध करायचे तेच पहिल्या शब्दात गृहीत धरले आहे. त्यामुळे हे एकच उदाहरण मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत लिहून देतो. प्रत्येक वाक्य आधीच्या कोणत्या गोष्टीवर उभे आहे, तेवढ्याकडे लक्ष द्या.

उदाहरण. केंद्र O आणि त्रिज्या 3.3 सेमी असलेले वर्तुळ काढा. केंद्रापासून 6.5 सेमी अंतरावर बिंदू P घ्या. P मधून वर्तुळाला स्पर्शिका काढा आणि रचनेचे समर्थन करा.

पट्टी टेकवून का चालत नाही?

कोणी म्हणेल, P वर पट्टी ठेवायची, वर्तुळाला टेकेपर्यंत फिरवायची आणि रेघ मारायची. डोळ्याला पटते. पण हिशोब करून बघा. स्पर्शबिंदूपासून स्पर्शिकेवर 3 मिमी बाजूला सरकलो, तर केंद्रापासूनचे अंतर √(3.3² + 0.3²) = √10.98, म्हणजे सुमारे 3.314 सेमी होते. वर्तुळ आणि रेषा यांच्यातली फट दीड दशांश मिलिमीटरसुद्धा भरत नाही. तुमच्या पेन्सिलीची रेघ त्याहून जाड असते. म्हणजे खऱ्या स्पर्शबिंदूच्या अलीकडे 3 मिमी आणि पलीकडे 3 मिमी, एवढ्या पट्ट्यात रेघ आणि वर्तुळ एकमेकांना चिकटलेलेच दिसणार. त्यातला नेमका बिंदू कोणता हे डोळा सांगू शकत नाही. म्हणून आधी स्पर्शबिंदू शोधायचा आणि मगच रेषा काढायची.

विश्लेषण (कच्च्या आकृतीवर)

इथे, आणि फक्त इथेच, स्पर्शिका काढलेली आहे असे समजायला परवानगी आहे. समजा PA ही स्पर्शिका असून A हा स्पर्शबिंदू आहे. स्पर्शिका-त्रिज्या प्रमेयानुसार ∠OAP = 90°. म्हणजे ΔOAP काटकोन त्रिकोण आहे आणि OP हा त्याचा कर्ण. ज्या बिंदूशी रेख OP काटकोन करतो, तो बिंदू OP व्यास असलेल्या वर्तुळावर असतो. A दिलेल्या वर्तुळावरही आहे. तेव्हा A सापडायचा तर या दोन वर्तुळांच्या छेदनबिंदूतच सापडेल.

विश्लेषणातून रचना कशी करायची ते कळले. पण सिद्धता झाली असे समजू नका. ती रचनेनंतर, उलट दिशेने करायची आहे.

रचना, कारणांसह

1. केंद्र O घेऊन 3.3 सेमी त्रिज्येचे वर्तुळ काढा. O मधून एक किरण काढून त्यावर OP = 6.5 सेमी होईल असा P घ्या.

6.5 > 3.3, म्हणून P वर्तुळाच्या बाह्यभागात आहे. हे वाक्य लिहायला कंटाळू नका. P आत असता तर एकही स्पर्शिका निघाली नसती, आणि वर्तुळावर असता तर एकच निघाली असती.

2. कंपासमध्ये 4.5 सेमी अंतर घ्या. O आणि P ही केंद्रे धरून रेख OP च्या दोन्ही बाजूंना कंस काढा. ते X आणि Y मध्ये छेदतात. रेषा XY काढा. ती OP ला M मध्ये छेदते.

4.5 च का? 4.5 लाच काही महत्त्व नाही. OP च्या निम्म्याहून, म्हणजे 3.25 सेमीहून जास्त कोणतेही अंतर चालेल. कमी घेतले तर कंस एकमेकांपर्यंत पोहोचतच नाहीत. आता XO = XP आणि YO = YP, कारण कंपासचे अंतर आपण बदललेले नाही. रेषाखंडाच्या टोकांपासून समान अंतरावर असलेला बिंदू त्याच्या लंबदुभाजकावर असतो. X आणि Y दोन्ही तसे आहेत, आणि दोन बिंदूंतून एकच रेषा जाते. म्हणून XY हाच लंबदुभाजक आणि M हा OP चा मध्यबिंदू.

या उदाहरणातली मापे मी मुद्दाम अशी निवडली आहेत. OP दिलेल्या वर्तुळाला O पासून 3.3 सेमीवर छेदतो आणि M आहे 3.25 सेमीवर. दोन्हींत फक्त अर्धा मिमी अंतर! काहींनी तो छेदनबिंदूच मध्यबिंदू म्हणून वापरला आहे. तिथे कंपासचे टोक ठेवून O मधून वर्तुळ काढले, तर त्याचा व्यास 6.6 सेमी होतो आणि ते P च्या 1 मिमी पुढून जाते. मग पुढची सगळी सिद्धता कोसळते, कारण OP त्या वर्तुळाचा व्यास नसतो आणि ∠OAP काटकोन होतच नाही. M लंबदुभाजकानेच मिळवायचा, दिसला तिथे घ्यायचा नाही. आणखी एक : इथे M वर्तुळाच्या आत आहे. तसे असायला काहीच हरकत नाही.

3. केंद्र M आणि त्रिज्या MO घेऊन वर्तुळ काढा. ते दिलेल्या वर्तुळाला A आणि B मध्ये छेदते.

MO = MP असल्यामुळे हे वर्तुळ P मधूनही जाते आणि OP त्याचा व्यास आहे. पण ते दिलेल्या वर्तुळाला छेदतेच, हे कशावरून? हा प्रश्न एका मुलीने वहीच्या समासात लिहिला होता, आणि तो वाचून मला फार आनंद झाला. उत्तर असे : नवे वर्तुळ O मधून जाते, आणि O दिलेल्या वर्तुळाच्या आत आहे. ते P मधूनही जाते, आणि P बाहेर आहे. O पासून P पर्यंत नव्या वर्तुळावरून जायला दोन वाटा आहेत, OP च्या वरचे अर्धवर्तुळ आणि खालचे अर्धवर्तुळ. आतून बाहेर जायचे तर दोन्ही वाटांवर एकदा कड ओलांडावीच लागते. म्हणून प्रत्येक बाजूला एक छेदनबिंदू मिळतो. दोन भिन्न वर्तुळे दोनपेक्षा जास्त बिंदूंत छेदत नाहीत, म्हणून तिसरा नाही.

4. रेषा PA आणि रेषा PB काढा. याच हव्या असलेल्या स्पर्शिका.

सिद्धता

पक्ष : A दिलेल्या वर्तुळावर आहे, तसेच M केंद्र आणि OP व्यास असलेल्या वर्तुळावर आहे.
साध्य : रेषा PA ही दिलेल्या वर्तुळाची स्पर्शिका आहे.

रेख OA आणि रेख MA काढा. MO = MA = MP, कारण तिन्ही एकाच वर्तुळाच्या त्रिज्या. समद्विभुज त्रिकोणाच्या प्रमेयाने ∠MOA = ∠MAO; हे माप x माना. तसेच ∠MPA = ∠MAP; हे y माना. M हा O आणि P यांच्या मध्ये आहे, म्हणून ∠OAP = x + y. ΔOAP च्या कोनांची बेरीज :

x + y + (x + y) = 180°, म्हणून x + y = 90°.

म्हणजे ∠OAP = 90°. "अर्धवर्तुळात अंतर्लिखित झालेला कोन काटकोन असतो" एवढे लिहिले तरी परीक्षेत पुरते. पण ते प्रमेय कुठून आले हे हाताशी असू द्या. लक्षात घ्या, इथपर्यंत "स्पर्शिका" हा शब्द आपण कारण म्हणून एकदाही वापरलेला नाही. काटकोन रचनेतून आला.

आता शेवटचे पाऊल. OA ही त्रिज्या आहे आणि रेषा PA तिला तिच्या बाहेरच्या टोकाशी लंब आहे. स्पर्शिका-त्रिज्या प्रमेयाच्या व्यत्यासाने PA ही स्पर्शिका आहे. मूळ प्रमेय सांगते : स्पर्शिका असेल तर लंब असते. व्यत्यास सांगतो : लंब असेल तर स्पर्शिका असते. आपल्या हातात लंब आहे, म्हणून व्यत्यासच हवा. तुमच्या वह्यांत गुण गेले ते याच एका शब्दापायी.

व्यत्यासही तपासून घेऊ. रेषा PA वर A सोडून कोणताही बिंदू Q घ्या. ΔOAQ मध्ये A शी काटकोन आहे, म्हणून OQ हा कर्ण आणि OQ > OA. म्हणजे Q केंद्रापासून त्रिज्येपेक्षा लांब, वर्तुळाच्या बाहेर. रेषेवरचा एकटा A वर्तुळावर आहे. रेषा वर्तुळाला एकाच बिंदूत भेटते, म्हणून ती स्पर्शिका. PB साठी हीच सिद्धता A च्या जागी B ठेवून होते.

तिसरी स्पर्शिका असेल का? P मधून जाणाऱ्या कोणत्याही स्पर्शिकेचा स्पर्शबिंदू विश्लेषणाप्रमाणे दोन्ही वर्तुळांवर असायलाच हवा, आणि असे बिंदू दोनच आहेत. विश्लेषण इथे खऱ्या अर्थाने कामाला आले.

पडताळा. PA² = 6.5² − 3.3² = 42.25 − 10.89 = 31.36, म्हणून PA = 5.6 सेमी. तुमच्या आकृतीत PA आणि PB मोजा. दोन्ही 5.6 च्या आसपास, एकमेकांइतके यायला हवेत. मोजमापाने चूक पकडता येते, सिद्धता होत नाही.

युक्लिडची वाट

युक्लिडने हीच रचना आपल्या ग्रंथाच्या तिसऱ्या भागात सतराव्या विधानात केली, पण वेगळ्या रीतीने. केंद्र O घेऊन P मधून मोठे वर्तुळ काढायचे. OP लहान वर्तुळाला जिथे छेदतो त्या D वर OP ला लंब उभारायचा. तो मोठ्या वर्तुळाला E मध्ये भेटतो. OE लहान वर्तुळाला A मध्ये छेदतो. PA काढायची. आता OA = OD, OP = OE आणि ∠O सामाईक. बाकोबा कसोटीने ΔOAP ≅ ΔODE, म्हणून ∠OAP = ∠ODE = 90°.

त्याने अर्धवर्तुळ का वापरले नाही? अर्धवर्तुळातला कोन काटकोन असतो, हे त्याच भागातले एकतिसावे विधान आहे. सतराव्यावर असताना ते अजून सिद्ध व्हायचे होते. त्रिज्येच्या टोकाशी काढलेला लंब स्पर्शिका असतो, हे मात्र सोळाव्यात झाले होते, म्हणून तेवढे त्याने वापरले. मला ही शिस्त फार आवडते.

उद्यासाठी. घरातली एखादी बांगडी कागदावर ठेवून वर्तुळ गिरवा. केंद्र दिलेले नाही. दोन जीवा काढून त्यांच्या लंबदुभाजकांनी आधी केंद्र मिळवा, ते केंद्रच का हे लिहा, आणि मग बाहेरच्या एका बिंदूतून स्पर्शिका काढा. दुसरे : आजच्याच वर्तुळासाठी OP = 6.6 सेमी घ्या. M कुठे पडतो आणि ΔPAB कसा दिसतो ते पाहा. "दिसतो" च्या पुढे कारण लिहिलेले हवे.