कुकरची रिंग

सुमनआजींचं व्हॉट्सअ‍ॅप मंगळवारी दुपारी बंद पडलं. उघडायला गेल्या तर नेहमीची माणसांची यादी दिसेना, नुसता पांढरा पडदा आणि त्यावर चार ओळी इंग्रजी. कऱ्हाडच्या कमलताईंचा निरोप रोज जेवणं उरकली की यायचा. ताईंना आता बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून त्या बोलूनच पाठवत. आज काय भाजी केली, गुडघा कसा आहे, आणि आठवली तर आईची एखादी ओवी. त्या ओव्या आता दुसऱ्या कुणालाच येत नाहीत. सगळ्या या फोनात होत्या.

बुधवारी बाजारातल्या दुकानदाराने फोन उलटासुलटा करून पाहिला. "आजी, चार वर्षांचा सेट आहे. यात आता नवीन काही चालणार नाही. चौदा हजारांत चांगला देतो."

"आणि यातले निरोप?"

"बघू, आले तर येतील."

आजी घरी आल्या. चौदा हजार होते, नाही असं नाही. पण ते स्वयंपाकघरावरच्या पत्र्यासाठी बाजूला ठेवलेले होते. मागच्या पावसात चुलीच्या कट्ट्यावर पातेलं लावून बसायची वेळ आली होती आणि वाईत जूनचा पाऊस काही कुणासाठी थांबत नाही. नाशिकहून सतीश म्हणाला, "आई, घेऊन टाक, मी पैसे पाठवतो." त्याचंही बरोबरच होतं. तिथून त्याला याहून जास्त काय करता येणार?

"अरे, पण तुझा फोन लागला ना आत्ता? सकाळी मी गॅसचा नंबर लावला, तोही लागला. बॅटरी दिवसभर टिकते. मग बिघडलं ते काय? रिंग गेली म्हणून कुणी कुकर टाकून देत नाही."

संध्याकाळी शेजारची सई आली. नववीतली पोर. आजींनी फोन तिच्या हातात दिला नाही, समोर धरला. "हे मला मराठीत वाचून दाखव. सगळं. एक शब्द गाळू नकोस."

सईने वाचलं आणि मान वर केली. "आजी, यात फोन खराब झालाय असं कुठंच नाही. तुमच्याकडचं व्हॉट्सअ‍ॅप जुनं झालंय, प्ले स्टोअरमध्ये जाऊन नवीन करून घ्या, एवढंच लिहिलंय."

"मग ते आपोआप का नाही झालं? तुझ्या आईचं होतं."

सईने प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये जाऊन पाहिलं. "तुमच्याकडे फक्त वाय-फायवर अपडेट करा असं आहे. आमच्याकडे वाय-फाय आहे, तुमच्याकडे नुसता रिचार्जचा डेटा. म्हणून एकदाही झालं नसणार."

आजींनी स्वतःच्या बोटाने हिरवं बटण दाबलं. अर्ध्या मिनिटात फोनने सांगितलं, जागा नाही.

मग दोघी गॅलरी उघडून बसल्या. सुप्रभात, सुप्रभात, गुलाबाची फुलं, उगवता सूर्य, संकष्टीच्या शुभेच्छा. पोरींच्या लग्नातले फोटो मध्येच कुठंतरी दबलेले. आजी एकेक फोटो नीट बघत होत्या. गणपतीचा पुसायला हात धजेना, तेव्हा सई म्हणाली, "आजी, ढोल्या गणपतीला तुम्ही रोज जाताच की." तेवढं पटलं. पुसलेलं सगळं कचऱ्याच्या डब्यात जाऊन बसतं आणि तो डबाही रिकामा केल्याशिवाय जागा होत नाही, हेही त्यांनी करून पाहिलं.

"आता ते व्हॉट्सअ‍ॅप काढून नवीन टाकायचं का?" आजींनी विचारलं.

"नाही! काढायचं अजिबात नाही. बॅकअप नसेल तर निरोप जातील. अपडेट केलं की आहे ते तसंच राहतं."

पुन्हा बटण. हिरवी रेघ हळूहळू गोल फिरत राहिली. आजींनी चष्मा काढून पदराने पुसला, परत लावला. रेघ पूर्ण झाली आणि यादी आली. सगळ्यात वर कमलताई, नावापुढे तीनचा आकडा. आजींनी नाव उघडलं, पण नवे निरोप आधी ऐकले नाहीत. वर जुन्या निरोपांकडे जात जात संक्रांतीच्या वेळची ओवी होती का ते पाहिलं. होती. मग परत खाली आल्या.

"सुमे," कमलताईंचा आवाज आला, "दोन दिस झाले, बोलत का नाहीस? रागावलीस का गं?"

आजींनी माईक दाबून धरला. "रागावते कशाला? ऐक, तुझ्याकडे सूनबाई आहे ना, तिला सांग..." आणि प्ले स्टोअरपासून कचऱ्याच्या डब्यापर्यंत सगळं क्रमाने सांगितलं.

तेवढ्यात त्यांना भजनातल्या मालतीबाई आठवल्या. त्यांचंही रविवारपासून बंद होतं आणि उद्या त्या त्याच दुकानात जाणार होत्या. आजींनी लगेच फोन लावला. "मालतीबाई, उद्या बाजारात जाऊ नका. फोन घेऊन आधी माझ्याकडे या. आणि चार्जर आणा, फोटो पुसायला वेळ लागतो."