कोथरूडच्या फ्लॅटचं भाडं, अनामत आणि पैसे पाठवायच्या तारखा

श्टुटगार्ट, रविवार, 17 ऑगस्ट 2025

दादा, सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी रात्री मी व्हॉट्सअॅपवर तुम्हाला जो लांबलचक मेसेज पाठवला, तो रागात लिहिला होता. त्यातले शब्द मी मागे घेते. मुद्दे मात्र खरे होते. म्हणून आठवडाभर थांबून, शांतपणे, तेच पुन्हा लिहिते आहे. नवे भाडेकरू यायच्या आत एवढं आपल्या दोघांत पक्कं व्हायला हवं. हा मेल जपून ठेवा. भाऊलाही प्रत पाठवते आहे, कारण करारावर माझ्या वतीने सही त्याचीच असणार आहे.

पाच वर्षं तुम्ही माझं घर सांभाळता आहात. पावसात गच्चीवरून पाणी आलं तेव्हा रात्री अकरा वाजता तुम्ही शिडी घेऊन गेला होता, हे मी विसरलेले नाही. त्यामुळे खालचं काहीही अविश्वासातून लिहिलेलं नाही. पैशांचा रस्ता बदलायला हवा आहे, एवढंच.

आधी अनामतीबद्दल, कारण माझ्या मनाला सगळ्यात जास्त तेच लागलं आहे.

2023 मध्ये तीन मुलं घर सोडून गेली. त्यांची 75,000 रुपये अनामत परत द्यायला आपल्याला 47 दिवस लागले आणि रंगकामाचे म्हणून 18,500 कापले गेले, बिलाशिवाय. त्यांतल्या एकाच्या वडिलांनी मला इथे फोन केला होता. ते आवाज न चढवता बोलत होते, म्हणूनच मला जास्त शरम वाटली. नंतर 11,000 मी माझ्याकडून परत केले. उशिराचं कारण तुम्ही मला मोकळेपणाने सांगितलं होतंत: नव्या भाडेकरूची अनामत आली की त्यातून जुन्याची द्यायची, असं ठरलं होतं आणि नवा भाडेकरू मिळायला वेळ लागला. हे यापुढे होता कामा नये. भाडं माझं असतं. अनामत त्यांची असते, माझ्याकडे फक्त ठेवायला दिलेली. मी स्वतः इथे भाड्याच्या घरात राहते. जर्मनीत घरमालकाला तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापेक्षा जास्त अनामत घेता येत नाही आणि ती स्वतःच्या पैशांपासून वेगळी ठेवावी लागते, तसा कायदाच आहे. माझी अनामत वेगळ्या खात्यात सुखरूप आहे, म्हणून मी निर्धास्त झोपते. माझ्या घरात राहणाऱ्यांनाही तसंच वाटायला हवं.

तर आत्ताच्या जोडप्याचे 90,000 रुपये तुमच्या खात्यात आहेत. ते 31 ऑगस्टपर्यंत घर सोडणार होते. पण 31 ला गौरी आवाहन आहे आणि तुमच्याकडे गौरी बसतात. म्हणून मी त्यांच्याशी बोलून शनिवार, 30 ऑगस्ट ठरवलं आहे. दुपारी दीड वाजता (इथे सकाळचे दहा) मला व्हिडिओ कॉल लावा. ते दोघं, तुम्ही आणि फोनवर मी, असे मिळून घर पाहू. प्रवेशाच्या वेळी काढलेले फोटो माझ्याकडे आहेत, ते आजच तुम्हाला पाठवते. राहत्या घराच्या भिंती मळतात, नळाचे वॉशर झिजतात, त्याचे पैसे कापायचे नाहीत. काही फुटलं-तुटलं असेल तर तिथेच त्यांना दाखवून, आकडा ठरवून, कागदावर दोघांच्या सह्या घ्यायच्या. महावितरणचं शेवटचं बिल यायचं असेल म्हणून मीटरचा फोटो काढून फार तर 2,000 मागे ठेवा. बाकीची रक्कम त्याच दिवशी, चाव्या हातात आल्यावर, तुमच्या खात्यातून थेट त्यांच्या खात्यात जायला हवी. व्यवहाराचा यूटीआर क्रमांक मला पाठवा. बिल आलं की राहिलेले पैसे दोन दिवसांत द्या.

नव्या कुटुंबाची अनामत 1,00,000 ठरली आहे. ती तुमच्याकडे नको आणि भाऊकडेही नको. टोकनपासून सगळी रक्कम थेट माझ्या एनआरओ खात्यात. तिथे मी तिची मुदत ठेव करणार आहे. करारातही तसंच कलम घालायला एजंटला सांगा. परतीची मुदतही त्यात लिहा: घर ताब्यात मिळाल्याच्या दिवशी, आणि काही कापायचं असेल तर बिलासह जास्तीत जास्त सात दिवसांत.

आता भाड्याच्या तारखा. माझ्या गृहकर्जाचा हप्ता 27,400 चा आहे आणि तो दर महिन्याच्या 10 तारखेला कापला जातो. जुलैचं भाडं 14 ला आलं. हप्ता परत गेला आणि 590 रुपये दंड बसला. रक्कम मोठी नाही, पण दहा वर्षांत पहिल्यांदा माझा हप्ता चुकला, त्याचं फार वाईट वाटलं. ऑगस्टमध्ये तुम्ही सांगितलंत की 9 ला राखीपौर्णिमा आणि दुसरा शनिवार, 10 ला रविवार, म्हणून बँक बंद. दादा, शाखा बंद असते, पैसे जाणं बंद नसतं. डिसेंबर 2019 पासून एनईएफटी वर्षभर, चोवीस तास चालतं. हप्ता कापणारी नाच यंत्रणाही ऑगस्ट 2021 पासून रविवारी आणि सुट्टीला चालते. म्हणजे रविवारी हप्ता जाऊ शकतो आणि रविवारी भाडंही येऊ शकतं. या वेळी मी इथून पैसे भरून हप्ता वाचवला. ऑगस्टचे 32,000 अजून तुमच्याकडेच आहेत. ते मंगळवार, 19 ऑगस्टला संध्याकाळपर्यंत पाठवा.

आणि पूर्ण 32,000 पाठवा. जुलैत माझ्या खात्यात 28,950 आले. तुमचे 1,600 आणि प्लंबरचे 1,450 वजा, हा हिशोब मला कळला. पण माझ्या उत्पन्नात 32,000 दाखवावे लागतात आणि बँकेत 28,950 दिसतात. तुमच्या मेहनतान्याचं बिल मला वेगळं पाठवा, ते मी 10 तारखेच्या आत देईन. दुरुस्तीचं 3,000 पर्यंतचं काम विचारायला थांबू नका, करून टाका आणि पावती पाठवा. त्यावरच्या कामाला आधी फोटो आणि अंदाजाचा आकडा.

नवे भाडेकरू पितृपक्षात सामान हलवणार नाहीत, घटस्थापनेला, 22 सप्टेंबरला येतील. भाडं 36,000. सप्टेंबरच्या नऊ दिवसांचे 10,800 होतात, ते ऑक्टोबरच्या भाड्याबरोबर घेऊ. पुढे दर महिन्याच्या 5 तारखेपर्यंत त्यांनी भाडं थेट माझ्या एनआरओ खात्यात भरायचं. मी 6 ला खातं पाहून तुम्हाला ‘आलं’ किंवा ‘नाही आलं’ कळवीन. नाही आलं तर 7 ला तुम्ही त्यांच्याकडे जाऊन या आणि काय अडचण आहे ते मला त्याच दिवशी सांगा. अडचण आधी कळली की मी सोय करते. एक विनंती: स्वतःच्या खिशातून भरून वेळ मारून नेऊ नका. मागे एकदा तुम्ही तसं केलंत, ते मला फार उशिरा कळलं आणि बरं वाटलं नाही. भाडं थेट आलं म्हणून तुमचं काम कमी धरणार नाही, महिन्याला पाच टक्क्यांप्रमाणे 1,800 तुम्हाला मिळतीलच.

सगळ्यात नाजूक गोष्ट आता. मी परदेशात राहते, म्हणून माझं भाडं देताना भाडेकरूने आयकर कापायला हवा. मागच्यांना ‘50,000 च्या आत भाडं असेल तर टीडीएस लागत नाही’ असं सांगितलं गेलं. ती मर्यादा भारतात राहणाऱ्या घरमालकांसाठी आहे. अनिवासी मालकाला अशी सूट नाही, कलम 195 प्रमाणे उपकरासह 31.2 टक्के कापावे लागतात. 36,000 वर ते 11,232 होतात, म्हणजे माझ्या खात्यात 24,768 येतील. हप्त्याला कमी पडेल ते मी घालीन. कापलेली रक्कम भाडेकरूने पुढच्या महिन्याच्या 7 तारखेपर्यंत सरकारकडे भरायची (मार्चची 30 एप्रिलपर्यंत), त्यासाठी टॅन काढायचा, दर तिमाहीला फॉर्म 27क्यू भरायचा आणि मला फॉर्म 16ए द्यायचा. एखाद्या नोकरदार माणसाला हे ओझं वाटणारच. म्हणून त्यांच्या सीएचं शुल्क मी देईन. दर कमी व्हावा म्हणून मी फॉर्म 13 चा अर्जही करते आहे. प्रमाणपत्र मिळालं की त्यात लिहिलेल्या दराने कापायचं, तोपर्यंत 31.2 टक्केच. मात्र हे त्यांना टोकन घ्यायच्या आधी सांगा. नंतर कळलं तर आपण फसवलं असं त्यांना वाटेल, आणि कर न कापल्याची जबाबदारी मुळात त्यांच्यावर येते. त्यांना हे नको असेल तर घर आणखी महिनाभर रिकामं राहिलं तरी चालेल. मागच्या वर्षांचं पूर्ण भाडं मी माझ्या विवरणपत्रात दाखवून कर भरला आहे, त्याची काळजी करू नका.

यंदा विवरणपत्राची मुदत 15 सप्टेंबर आहे. एप्रिल 2024 ते मार्च 2025 चा महिनावार हिशोब आणि महापालिकेच्या मिळकतकराची पावती मला 25 ऑगस्टपर्यंत हवी आहे, म्हणजे 27 ला गणपती येण्याच्या आत तुम्हीही मोकळे व्हाल.

करार नोंदणीकृतच करायचा, अकरा महिन्यांचा. तो नोंदवण्याची जबाबदारी कायद्याने घरमालकाची आहे, म्हणून ‘नोटरी करून चालवू’ असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. भाऊ नाशिकहून एका दिवसासाठी येईल, कुलमुखत्यारपत्र त्याच्याकडेच आहे. पोलिसांकडची भाडेकरूची नोंद आणि सोसायटीचं पत्र तेवढं तुम्ही पाहा. सोसायटीने बिनभोगवटा शुल्क वाढवलं तर मला कळवा. सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, सेक्रेटरींशी मी स्वतः बोलेन.

यातली एखादी तारीख जमण्यासारखी नसेल तर आत्ताच सांगा, बदलू. बुधवारी, 20 तारखेला, इथे संध्याकाळी पाच म्हणजे तुमच्या साडेआठला फोन करते. तोवर वाचून ठेवा.

वहिनींना नमस्कार. गौरींची आरास झाली की फोटो नक्की पाठवा.

तुमची,
मेघना