आखाजी कॅशबॅक: किती मिळेल, कधी मिळणार नाही

(जळगाव, भुसावळ आणि चाळीसगाव येथील आमच्या तिन्ही दुकानांसाठी. ११ ते २५ एप्रिल २०२६)

१० टक्के कॅशबॅक. एका बिलावर जास्तीत जास्त १,५०० रुपये. बिल किमान ८,००० रुपयांचे हवे. रोख पैसे दिले किंवा हप्त्यावर घेतले तर कॅशबॅक नाही.

वरच्या चारही ओळी फलकावर एकाच आकाराच्या अक्षरात आहेत. गेल्या दिवाळीत आम्ही '१० टक्क्यांपर्यंत कॅशबॅक' एवढेच मोठ्याने लिहिले, शेजारी एक चांदणी काढली आणि अटी खाली इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरात छापल्या. पाचोऱ्याकडच्या एक मावशी २८,००० चा फ्रिज घेऊन २,८०० रुपयांच्या हिशेबाने घरी गेल्या. खात्यात ५०० आले. अटींप्रमाणे तेवढेच बसत होते, पण अट त्यांना दिसलीच नव्हती. मोठ्या अक्षरात केलेला दावा बारीक टिपेने फिरवू नये आणि टीप दाव्याच्याच भाषेत असावी, असे केंद्राच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनाही सांगतात. म्हणून यंदा चांदणी नाही.

"दहा टक्का म्हंजे कितला?" हा प्रश्न काउंटरवर रोज येतो, त्याचा हिशेब असा. समजा फ्रिज २४,००० चा आहे आणि जुन्या फ्रिजचे ३,००० वजा झाले. तुम्ही दिले २१,०००. त्याचे १० टक्के २,१०० होतात, पण मर्यादा १,५०० ची, म्हणून मिळतील १,५००. म्हणजे प्रत्यक्षात साधारण ७ टक्केच. १५,००० च्या पुढे बिल कितीही वाढले तरी कॅशबॅक वाढत नाही, तेव्हा केवळ कॅशबॅकसाठी महाग वस्तू घेऊ नका. ९,५०० च्या कूलरवर पूर्ण ९५० मिळतील. ८,४०० च्या कूलरवर ५०० सूट घेतली तर बिल ७,९०० होते, आणि कॅशबॅक शून्य. अशा वेळी सूट घ्यायची की कॅशबॅक, हे बिल फाडण्याआधी आमचा माणूस तुम्हाला विचारील. सूट सोडली तर कॅशबॅक ८४० मिळेल, पण नंतर. सूट ५०० ची, पण लगेच.

एकाच बिलात दोन-तीन वस्तू मिळून ८,००० झाले तरी चालेल. कूलरचा स्टँड, घरपोच भाडे आणि बसवण्याची मजुरी मात्र त्यात धरत नाही.

कशावर आहे: फ्रिज, कूलर, वॉशिंग मशीन, मिक्सर, पंखे.
कशावर नाही: मोबाइल, टीव्ही, एसी. एसीचे विचारणारे सर्वांत जास्त आहेत, म्हणून पुन्हा लिहितो: एसीवर नाही.

पैसे यूपीआयने किंवा डेबिट कार्डाने द्यायचे. कापसाचे, केळीचे पैसे रोख घेऊन येणाऱ्यांना हे खटकेल, हे आम्हाला ठाऊक आहे. पण कॅशबॅक ज्या खात्यातून पैसे आले त्याच खात्यात परत जातो, आणि रोखीला खाते नसते. काही रक्कम रोख, काही यूपीआयने दिली तर फक्त यूपीआयचा भाग मोजू. तो ८,००० किंवा जास्त असला पाहिजे. आणखी एक गोष्ट: पुण्याला शिकणाऱ्या मुलाला क्यूआरचा फोटो पाठवून त्याच्याकडून पैसे भरून घेतले, तर कॅशबॅकही त्याच्याच खात्यात पडेल. बिल वडिलांच्या नावाचे असले तरी आम्हाला ते बदलता येणार नाही. ते घरात मिटवा.

एका मोबाइल नंबरवर एकदाच. तिन्ही दुकाने मिळून पहिल्या ४०० बिलांनाच. किती बिले उरली, तो आकडा रोज सकाळी काउंटरवरच्या पाटीवर खडूने लिहू. ४०० संपली की फलक त्याच दिवशी उतरवू, २५ तारखेची वाट बघणार नाही.

रक्कम वस्तू घरी पोचल्यापासून ४५ दिवसांत येईल. रुपयांतच येईल, पॉइंट नाहीत, पुढच्या खरेदीचे कूपन नाही. वस्तू परत केली तर कॅशबॅक रद्द, आणि आधीच जमा झाला असेल तर परताव्यातून तेवढा कापू. बिघाडामुळे वस्तू बदलून घेतली तर कॅशबॅकला धक्का नाही.

४६ व्या दिवशीही पैसे आले नाहीत तर बिल घेऊन थेट मॅनेजरकडे या. आमच्याकडून उत्तर मिळाले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते.

कॅशबॅक घेण्यासाठी ओटीपी किंवा पिन लागत नाही. आम्ही त्यासाठी फोन करत नाही, लिंक पाठवत नाही. कोणी मागितला तर फोन ठेवा. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० लावा.

हा कागद बिलाला टाचून मिळतो. मिळाला नाही तर मागून घ्या.