पहिले पुरवणी मृत्युपत्र (कोडिसिल)

मी, श्रीमती विमल सदाशिव जाधव, वय 73 वर्षे, निवृत्त प्राथमिक शिक्षिका, राहणार सदर बझार, सातारा, आज दिनांक 12 फेब्रुवारी 2025 रोजी सातारा मुक्कामी हे पुरवणी मृत्युपत्र लिहून ठेवते ते असे की,

मी दिनांक 9 मे 2017 रोजी मृत्युपत्र केले असून ते दुय्यम निबंधक, सातारा यांच्या कार्यालयात दस्त क्रमांक 2846/2017 ने नोंदलेले आहे. यापुढे त्याचा उल्लेख "मूळ मृत्युपत्र" असा केला आहे. ही त्याची पहिलीच पुरवणी. मूळ मृत्युपत्र मी रद्द करत नाही. भारतीय उत्तराधिकार कायदा 1925 च्या कलम 62 प्रमाणे मृत्युपत्र करणाऱ्याला, तो मृत्युपत्र करण्यास सक्षम असेपर्यंत, ते केव्हाही बदलता किंवा रद्द करता येते. त्या हक्काने मी खालील बदल करत आहे. मूळ मृत्युपत्र आणि ही पुरवणी एकत्र वाचावी. दोन्हींत विसंगती दिसल्यास ही पुरवणी खरी धरावी.

बदलाचे कारण. मूळ मृत्युपत्रानंतर आमच्या घरात बरेच काही घडले. माझा धाकटा मुलगा प्रकाश दिनांक 3 मे 2021 रोजी वारला. त्याच्या उपचारासाठी मी कोरेगाव येथील माझा प्लॉट एप्रिल 2021 मध्ये विकला. हा प्लॉट मूळ मृत्युपत्राच्या परिच्छेद 5 प्रमाणे माझी मुलगी सौ. सुनीता मोहन शिंदे हिला जायचा होता. मृत्युपत्रात नेमकी सांगितलेली वस्तू मृत्यूच्या वेळी आपल्या मालकीची उरली नसेल, तर ती देणगी संपते आणि तिच्या बदल्यात दुसरे काही मिळत नाही. म्हणजे मी गप्प राहिले तर सुनीताच्या वाट्याला त्या परिच्छेदातून काहीही येणार नाही. भावाच्या औषधपाण्यासाठी स्वतःचा वाटा जाताना तिने एक शब्द काढला नाही. ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. तिचे नुकसान तसेच ठेवून मला जायचे नाही.

1. मूळ मृत्युपत्राचा परिच्छेद 5 मी पूर्णपणे रद्द करते. त्याऐवजी असे वाचावे: मौजे लिंब, तालुका सातारा येथील गट नंबर 412, क्षेत्र 60 आर, ही जमीन मला माझ्या वडिलांकडून मिळालेली असून सातबाऱ्यावर एकट्या माझे नाव आहे. या जमिनीचा समाईक निम्मा हिस्सा माझी मुलगी सौ. सुनीता हिला आणि निम्मा हिस्सा माझा थोरला मुलगा राजेंद्र याला मिळावा. परिच्छेद 4 मध्ये मी ही सगळी जमीन राजेंद्रला दिली होती. तो परिच्छेद या मर्यादेत बदलला असे समजावे. बदल करण्याआधी मी राजेंद्रला समोर बसवून हे सांगितले आहे. मात्र हा निर्णय त्याच्या संमतीवर अवलंबून नाही. तो माझा आहे.

2. परिच्छेद 3 प्रमाणे सदर बझार येथील माझ्या स्वकष्टार्जित फ्लॅटचा निम्मा हिस्सा प्रकाशला दिला होता. तो आता हयात नाही. त्याचा हिस्सा कायद्याने कोणाकडे जातो, यावर माझ्या मागे कोणी वाद घालू नये, म्हणून स्पष्ट लिहिते की तो निम्मा हिस्सा माझी सून श्रीमती वैशाली प्रकाश जाधव आणि नातू ओंकार प्रकाश जाधव यांना समसमान मिळावा. ओंकार अज्ञान असेपर्यंत त्याच्या वाट्याची देखभाल वैशालीने करावी. ओंकारचा वाटा तो सज्ञान होण्याआधी विकू नये, अशी माझी इच्छा आहे. प्रकाश गेल्यापासून वैशाली माझ्याजवळ राहते आणि माझे दुखलेखुपले तीच पाहते. फ्लॅटचा उरलेला निम्मा हिस्सा पूर्वीप्रमाणेच राजेंद्रचा.

3. परिच्छेद 8 मध्ये एक्झिक्युटर म्हणून नेमलेले माझे बंधू दिवंगत झाले आहेत. त्यांच्या जागी मी माझा पुतण्या अॅड. संदीप वसंत जाधव, राहणार सातारा, यास एक्झिक्युटर नेमते. त्याला या मृत्युपत्राने काहीही दिलेले नाही. कामासाठी लागलेला खर्च त्याने माझ्या बचत खात्यातून घ्यावा.

4. मूळ मृत्युपत्राच्या घरातील झेरॉक्स प्रतीवर मी 2023 मध्ये पेनने परिच्छेद 5 खोडून समासात "शेत सुनीताला" असे लिहिले होते. त्या वेळी साक्षीदार नव्हते. सही झाल्यानंतर केलेली खाडाखोड किंवा भर मृत्युपत्राप्रमाणेच सही-साक्षीने केलेली नसेल तर ती चालत नाही, हे मला नंतर वकिलांनी समजावून सांगितले. त्या लिखाणाचा आधार कोणीही घेऊ नये. तसेच फोनवर, घरगुती बोलण्यात किंवा पत्रात मी कोणाला काही कबूल केल्याचे कोणी सांगितले, तरी ते मृत्युपत्रातील बदल म्हणून धरू नये.

5. यापुढे मला बदल करायचा झाल्यास मी दोन साक्षीदारांसमक्ष दुसरी पुरवणी किंवा नवे मृत्युपत्र करीन. सगळेच रद्द करायचे असेल तर तसे स्पष्ट लिहून त्यावर याच पद्धतीने सही-साक्षी करीन. मृत्युपत्र रद्द करण्याच्या हेतूने ते स्वतः फाडून, जाळून किंवा आपल्या समोर आपल्या सांगण्यावरून दुसऱ्याकडून नष्ट करवूनही रद्द होते, हे मला माहीत आहे. पण तो मार्ग मी घेणार नाही. कारण ही पुरवणी नष्ट केली म्हणून रद्द झालेला परिच्छेद 5 आपोआप पुन्हा जिवंत होत नाही. त्यासाठी पुन्हा सही-साक्षीचेच लिखाण लागते. मूळ मृत्युपत्र आणि ही पुरवणी दोन्ही माझ्या बँक लॉकरमध्ये एकाच पाकिटात असतील. माझ्या मागे त्यांपैकी एखादा कागद सापडला नाही, तर मी तो रद्द केला असा अर्थ कोणी काढू नये. निबंधक कार्यालयातून नक्कल काढावी.

6. वर सांगितलेले बदल सोडून मूळ मृत्युपत्रातील सर्व मजकूर मी कायम करते. परिच्छेद 6 प्रमाणे माझे दागिने सुनीताचे आणि परिच्छेद 7 प्रमाणे मुदतठेवी तिन्ही घरांत समान, यांत काहीही बदल नाही. मुदतठेवींच्या परिच्छेदात प्रकाशच्या जागी वैशाली आणि ओंकार असे वाचावे. ठेवींवर नॉमिनी म्हणून राजेंद्रचे नाव आहे. त्याने रक्कम स्वीकारून वरीलप्रमाणे वाटावी. नॉमिनी झाल्याने तो एकटा मालक होत नाही.

नोंदणी कायदा 1908 प्रमाणे मृत्युपत्राची किंवा पुरवणीची नोंदणी सक्तीची नाही. तरी मूळ मृत्युपत्र नोंदलेले असल्याने ही पुरवणीही मी दुय्यम निबंधकांसमोर नोंदवून घेणार आहे.

हे पुरवणी मृत्युपत्र मी पूर्ण शुद्धीत, स्थिर बुद्धीने, राजीखुशीने केले आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. मजकूर मी स्वतः चष्मा लावून वाचला असून तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. ही पुरवणी चार पानांची असून प्रत्येक पानावर मी सही केली आहे.

सातारा, दिनांक 12 फेब्रुवारी 2025

(सही) विमल सदाशिव जाधव
मृत्युपत्र करणार

साक्षीदार

श्रीमती विमल सदाशिव जाधव यांनी वरील पुरवणीवर आम्हा दोघांच्या समक्ष सही केली. ती आम्ही प्रत्यक्ष पाहिली आणि त्यानंतर त्यांच्या समक्ष आम्ही प्रत्येकाने आपापली सही केली. आम्हा दोघांना किंवा आमच्या पती-पत्नीला मूळ मृत्युपत्राने अथवा या पुरवणीने काहीही मिळत नाही.

1. (सही) डॉ. अनिल रामचंद्र भोसले, वय 58, वैद्यकीय व्यवसाय, राहणार सातारा. मी आज सही होण्यापूर्वी श्रीमती जाधव यांना तपासले. त्या पूर्ण शुद्धीत असून आपल्या मिळकती, वारस आणि केलेले बदल त्यांनी मला स्वतः सांगितले.

2. (सही) श्रीमती शैलजा अरविंद माने, वय 66, निवृत्त मुख्याध्यापिका, राहणार सदर बझार, सातारा.